सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा सभासदांना कशी मागता येते

गृहनिर्माण सोसायटीत समितीचा एखादा निर्णय पटला नाही की सभासद दोन गोष्टी करतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भांडतात, किंवा सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेची वाट बघतात. तोवर काम झालेलं असतं, बिल दिलेलं असतं आणि वार्षिक सभेत जाब विचारला तर "आता झालं ते झालं" असं उत्तर मिळतं. मधल्या काळात सभा मागण्याचा हक्क सभासदांना कायद्यानेच दिलेला आहे, आणि तो वापरायला समितीची मर्जी लागत नाही. लागते ती ठरावीक संख्येच्या सह्यांची आणि नीट लिहिलेल्या एका कागदाची. या कागदाला मागणीपत्र म्हणतात. बहुतेक मागणीपत्रं फसतात ती समितीच्या कारस्थानामुळे कमी आणि कागदातल्या चुकांमुळे जास्त. म्हणून त्या कागदाकडेच जरा जवळून पाहू.

आधी कायदा काय म्हणतो ते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 76 नुसार विशेष सभा अध्यक्ष कधीही बोलावू शकतात, समितीतले बहुसंख्य सदस्यही बोलावू शकतात. ही झाली त्यांची मुभा. पण संस्थेच्या एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर एका महिन्याच्या आत सभा बोलावणं बंधनकारक होतं. निबंधकांनी किंवा संस्था ज्या हाउसिंग फेडरेशनची सदस्य आहे त्या फेडरेशनने सांगितलं, तरी तेच बंधन लागू होतं. आदर्श उपविधींतला 96 क्रमांकाचा उपविधी हेच सांगतो आणि वर एक महत्त्वाची अट घालतो: अशा सभेत नोटिशीत दिलेल्या विषयाखेरीज दुसरं कुठलंही काम करता येत नाही. ही अट लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे.

कलमात आणखी एक बारीक गोष्ट आहे. उपविधींमध्ये यासाठी सभासदांची वेगळी संख्या दिलेली असेल, तर एक पंचमांश आणि ती संख्या यांतली जी कमी असेल ती धरायची. जुन्या सोसायट्यांनी आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारलेले नसतात. त्यामुळे सह्यांच्या मागे लागण्याआधी आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत उघडून बघा. इंटरनेटवर सापडलेली आदर्श प्रत म्हणजे तुमचे उपविधी नव्हेत.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. पुण्यात 64 सदनिकांची एक सोसायटी आहे असं समजा. समितीने 18 मे 2025 च्या बैठकीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं 6,40,000 रुपयांचं काम एका ठेकेदाराला दिलं. आदर्श उपविधींप्रमाणे 51 आणि त्याहून अधिक सभासदांच्या संस्थेत समितीला दुरुस्तीवर एका वेळी 1 लाख रुपयांपर्यंतच खर्च स्वतःच्या अधिकारात करता येतो, त्यावर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. इथे ती घेतलेली नाही. काही सभासदांना काम थांबवून विषय सभेपुढे आणायचा आहे.

पहिला प्रश्न, सह्या किती? 64 चा पाचवा भाग 12.8, म्हणजे 13. पण 64 हा आकडा कुठून आला? तो सदनिकांचा आहे, सभासदांचा नाही. एक पंचमांश मोजायचा तो सभासदांचा. सभासद किती हे ठरतं ते संस्थेच्या सभासद नोंदवहीवरून, म्हणजे आय नमुन्यावरून, आणि सभासदांच्या यादीवरून, म्हणजे जे नमुन्यावरून. तीन सदनिका नुकत्याच विकल्या गेल्या, जुन्या मालकांचे राजीनामे मंजूर झाले आणि नव्या मालकांचं सभासदत्व अजून मंजूर व्हायचं आहे, असं असेल तर सभासद 61 धरायचे. 61 चा पाचवा भाग 12.2. अपूर्णांक आला की वरची पूर्ण संख्या घ्यायची, म्हणजे इथेही 13. या उदाहरणात फरक पडला नाही, पण 51 आणि 50 सभासदांमध्ये तो पडतो: पहिल्या संस्थेत 11 सह्या लागतील, दुसऱ्या संस्थेत 10. सभासद नोंदवही बघायला मिळणं हा कलम 32 खालचा सभासदाचा हक्क आहे, त्यासाठी सचिवांना लेखी अर्ज द्या.

आता सही कोणाची चालते? आपल्याकडे सही गोळा करायला गेलं की घरात जो असेल तो करतो. वहिनींनी केली, मुलाने केली, भाडेकरूने तर आनंदाने केली. यातल्या बऱ्याच सह्या उडतात. भाडेकरूची सही शून्य. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर भागपत्र असेल तर बायकोची सही मोजली जात नाही, घर दोघांचं असलं तरी. भागपत्रावर दोन नावं असतील तर पहिलं नाव ज्याचं आहे त्याचीच सही घ्या. दुसऱ्या नावाच्या सहीवर वाद घालता येईल, पण मागणीपत्राच्या टप्प्यावर वाद नकोच असतो. सभासद वारला असेल आणि वारसाचं नाव अजून चढलेलं नसेल, तर ती सदनिका मोजणीतून सोडून द्या. एकाच माणसाच्या दोन सदनिका असतील तर त्याची सही एक. थकबाकीदाराबद्दल नेहमी विचारलं जातं. कलम 76 मध्ये थकबाकीदाराला वगळलेलं नाही, तरी तुमची संख्या अशा सहीवाचून पुरी होत असेल तर बरं, कारण समिती पहिला आक्षेप तिथेच घेते.

म्हणूनच 13 हव्यात तर 13 घेऊन थांबू नका. आमच्या मते तिसरा हिस्सा तरी जास्त घ्या, म्हणजे 17–18. मागणीपत्र दिल्यावर दोन-तीन जणांना फोन जातात, पार्किंगचा विषय निघतो, आणि "मी न वाचता सही केली होती" अशी पत्रं समितीच्या हाती पडतात. ते धरूनच आधी जागा ठेवायची.

सह्यांचं पान कसं असावं यालाही महत्त्व आहे. कोऱ्या कागदावर नुसत्या सह्या आणि वर वेगळं पत्र स्टेपल केलेलं, हा प्रकार टाळा. उद्या कोणी म्हणेल की माझी सही लिफ्टच्या तक्रारीसाठी होती. प्रत्येक पानाच्या डोक्यावर विषय पुन्हा छापा, खाली तक्ता: अनुक्रमांक, सदनिका क्रमांक, भागपत्रावर आहे तसं पूर्ण नाव, सही, तारीख. पानांना क्रमांक द्या, "3 पैकी 1" अशा पद्धतीने. नाव भागपत्राप्रमाणे लिहिलं की सचिवांना यादीशी ताडून बघता येतं, आणि "हे कोण आम्हाला माहीत नाही" म्हणायला वाव उरत नाही.

आता सगळ्यात कळीची गोष्ट, हेतू. सभा कशासाठी हवी ते मागणीपत्रात लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि असं लिहिलं पाहिजे की त्यातून थेट ठराव तयार होईल. रागाच्या भरात लोक लिहितात, "समितीच्या मनमानी कारभाराबाबत जाब विचारणे व अन्य विषयांवर चर्चा करणे." याचा उपयोग काय? सभेत दोन तास आरडाओरडा होतो, अध्यक्ष म्हणतात चर्चा झाली, आणि सभा संपते. चर्चा मागितली होती, चर्चा मिळाली. "अन्य विषय" तर मुळातच चालत नाहीत, कारण नोटिशीबाहेरचं काम या सभेत करता येत नाही. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी असतो तसा "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" हा मागचा दरवाजा इथे बंद असतो.

आपल्या उदाहरणात मजकूर असा बसेल:

"आम्ही खाली सह्या करणारे संस्थेचे सभासद, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चे कलम 76 आणि संस्थेचा उपविधी क्र. 96 अन्वये, पुढील विषयांसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करत आहोत. (1) दि. 18 मे 2025 च्या समिती बैठकीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मंजूर केलेल्या 6,40,000 रुपयांच्या कामास सर्वसाधारण सभेचा निर्णय होईपर्यंत स्थगिती देणे. (2) सदर कामासाठी किमान तीन ठेकेदारांकडून नवी दरपत्रके मागवणे व ती सभासदांना पाहण्यास उपलब्ध करून देणे. (3) काम कोणास द्यावे याचा निर्णय सर्वसाधारण सभेने घेण्याबाबत ठराव करणे. वरील विषय सभेच्या नोटिशीत जसेच्या तसे घ्यावेत."

शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. विषयपत्रिका समिती ठरवते, आणि तिथेच विषय पातळ होतो. तुम्ही "स्थगिती देणे" लिहिलेलं असतं, नोटिशीत येतं "गच्चीच्या कामाबाबत माहिती देणे". मग सभेत स्थगितीचा ठराव मांडला की अध्यक्ष शांतपणे म्हणतात, हे नोटिशीत नाही. आणि त्यांचं बरोबर असतं! म्हणून नोटीस हातात आली की सगळ्यात आधी ती मागणीपत्रासमोर ठेवून शब्द न् शब्द वाचा. बदल दिसला तर त्याच दिवशी लेखी आक्षेप घ्या आणि दुरुस्त नोटीस मागा. सभेत उभं राहून आक्षेप घेण्याला फारसं वजन नसतं.

प्रत्येक हेतू या सभेतून साधता येतो असंही नाही. सर्वसाधारण सभेने सहा महिन्यांच्या आत केलेला ठराव रद्द करण्यासाठी सभा मागाल, तर आदर्श उपविधी आड येतात. आधीचा ठराव होऊन सहा महिने उलटल्याशिवाय तो रद्द करणारा ठराव मांडता येत नाही. आपल्या उदाहरणात ही अडचण नाही, कारण निर्णय समितीचा होता, सभेचा नव्हे. निवडून आलेली समिती हात वर करून घरी पाठवणे हाही या सभेचा विषय नाही. कसूर करणाऱ्या समितीला दूर करण्याचा अधिकार कायद्याने निबंधकांना दिला आहे आणि त्याची प्रक्रिया वेगळी आहे. पुनर्विकासाचा विषय असेल तर 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाचे वेगळे नियम लागतात. तिथे दोन तृतीयांश गणपूर्ती आणि 51 टक्के सभासदांची संमती हवी, तेव्हा या लेखातलं गणित तिथे वापरू नका.

मागणीपत्र तयार झालं की ते सचिवांना द्यायचं, संस्थेच्या नावाने. दोन प्रती न्या. एकीवर संस्थेचा शिक्का, सही, तारीख आणि "पाने 3, सह्या 17 मिळाल्या" अशी पोच घ्या. सचिव घेत नसतील, किंवा "ऑफिस बंद आहे, रविवारी या" असं चाललं असेल, तर वाट बघत बसू नका. त्याच दिवशी संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि संस्थेच्या अधिकृत ईमेलवर स्कॅन टाका. एक महिन्याची मुदत सुरू होते ती मागणीपत्र मिळाल्याच्या तारखेपासून. ती तारीख तुम्हाला सिद्ध करता आली नाही, तर पुढचा सगळा हिशेब हवेत राहतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे मागणीपत्र देणं नव्हे.

आता तारखा मांडू. मागणीपत्र सोमवारी, 2 जून 2025 ला सचिवांना मिळालं. उपविधी 97 प्रमाणे सचिवांनी ते सात दिवसांत, म्हणजे 9 जूनपर्यंत, समितीच्या बैठकीपुढे ठेवायचं. समितीने तिथे सभेची तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका ठरवायची. सभा घ्यायची की नाही हे समितीने ठरवायचं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुष्कळ समित्या त्यावरच मतदान घेतात आणि "समितीने मागणी फेटाळली" असं पत्र देतात. सह्या पुरेशा आणि विषय सभेच्या अधिकारातला असेल, तर फेटाळण्याचा अधिकार समितीला नाही.

महिना संपतो 2 जुलैला. "एका महिन्यात सभा बोलावणे" म्हणजे त्या मुदतीत नोटीस काढणे की सभा भरवणे, यावर कीस काढणारे लोक प्रत्येक सोसायटीत असतात. समितीला वाद टाळायचा असेल तर सभा मुदतीच्या आत भरवावी. इथे 29 जूनचा रविवार सोयीचा आहे.

विशेष सभेच्या नोटिशीसाठी आदर्श उपविधींत पूर्ण 5 दिवस सांगितले आहेत (वार्षिक सभेला 14). पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. 29 जूनला सभा असेल तर नोटीस 23 जूनला सभासदांच्या हाती पडली पाहिजे. मग मधले 24, 25, 26, 27, 28 हे पाच दिवस पूर्ण मिळतात. 24 तारखेला नोटीस निघाली तर चारच दिवस मिळतात, आणि नाराज सभासदाला सभेवरच आक्षेप घ्यायला आयतं कारण मिळतं. गंमत अशी की हा आक्षेप बऱ्याचदा समितीच्या बाजूचाच माणूस घेतो, ठराव विरुद्ध गेल्यावर. त्यामुळे नोटीस उशिरा निघाली तर खूश होऊन गप्प बसू नका, लगेच लेखी कळवून तारीख पुढे घ्यायला सांगा. तातडीच्या प्रसंगी याहून कमी मुदतीची नोटीस चालते, पण त्यासाठी समितीचा निर्णय एकमताचा असावा लागतो.

सभेच्या दिवशी दोन आकडे डोक्यात ठेवा. गणपूर्ती लागते एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतली जी संख्या कमी असेल ती. 61 सभासदांना 20 पुरेत. 24 सभासदांच्या सोसायटीत मात्र 16 लागतील, आणि लहान सोसायट्या इथेच अडकतात. वार्षिक सभेची आपल्याला सवय असते: अर्धा तास थांबायचं, गणपूर्ती झाली नाही म्हणायचं, आणि मग त्याच जागी तहकूब सभा असतील तितक्या लोकांत उरकायची. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेत या सवलतीवर विसंबू नका. गणपूर्तीअभावी ती सभा रद्दच झाली असं अध्यक्षांनी जाहीर करण्याचा धोका खरा आहे. ज्यांनी सभा मागितली तेच आले नाहीत, मग पुढे कशाला ढकलायची, असा त्यामागचा विचार. सह्या करणारे 17 जण आणि आणखी किमान पाच-सहा सभासद वेळेच्या आधी दहा मिनिटं हजेरीपटावर सही करून बसलेले हवेत. प्रत्येक सदनिकेतून कोण येणार हे आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

सभेत प्रत्येक विषयाचा ठराव लेखी मांडा. सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे तिथल्या तिथे मोजून इतिवृत्तात घ्यायला सांगा. "बहुमताने मंजूर" एवढंच लिहिलेलं इतिवृत्त पुढे भांडणात कमी पडतं. अध्यक्ष आलेच नाहीत तर उपस्थित सभासद आपल्यातून एकाला त्या सभेपुरता अध्यक्ष निवडू शकतात. सभा त्यावाचून अडत नाही.

आणि 2 जुलै उलटला, सभा नाही, नोटीसही नाही, तर? इथे कंपनी आणि सोसायटी यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि शेअर बाजाराच्या बातम्या वाचणारे हटकून गोंधळतात. कंपनी कायदा 2013 च्या कलम 100 खाली संचालकांनी मुदतीत सभा बोलावली नाही, तर मागणी करणारे भागधारक स्वतः सभा बोलावू शकतात, मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. सोसायटीत तसं नाही. सह्या करणाऱ्यांनी स्वतःच नोटीस काढून गच्चीवर भरवलेली सभा ही कायद्याच्या दृष्टीने शेजाऱ्यांचा मेळावा असते, तिचे ठराव समितीला बांधत नाहीत. कलम 76 प्रमाणे अशा वेळी सभा बोलावण्याचा अधिकार निबंधकांचा किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीचा. ती सभा मात्र समितीनेच रीतसर बोलावलेली आहे असं मानलं जातं.

तेव्हा अर्ज जातो आपल्या विभागाच्या उप किंवा सहायक निबंधकांकडे. त्याला पोच असलेलं मागणीपत्र, सह्यांची पानं, सभासद यादी, उपविधी 96 आणि 97 ची प्रत, आणि समितीचं काही उत्तर आलं असेल तर ते जोडा. अर्जात तारखा ओळीने लिहा: मागणी कधी मिळाली, सात दिवस कधी संपले, महिना कधी संपला. मागणी स्पष्ट ठेवा, दोन वेगळ्या परिच्छेदांत. पहिल्या परिच्छेदात पोटकलम 3 खाली सभा बोलावण्याचा आदेश मागा. दुसऱ्यात पोटकलम 2 खाली, ज्यांचं सभा बोलावणं कर्तव्य होतं आणि ज्यांनी सबळ कारणाशिवाय ते टाळलं, त्यांच्यावर कारवाई मागा. या पोटकलमाखाली निबंधक अशा व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत समितीवर येण्यास अपात्र ठरवू शकतात, अर्थात तिची बाजू ऐकून घेतल्यावरच. सभेचा खर्च संस्थेच्या निधीतून करायचा की टाळाटाळ करणाऱ्यांकडून वसूल करायचा, हेही निबंधक ठरवू शकतात. निबंधक कार्यालयातून संस्थेला खुलाशाची नोटीस निघाली की बऱ्याच समित्या आपणहून सभेची तारीख काढतात. ती तारीख आली तर पुन्हा पहिल्यापासून बघा: विषय जसाच्या तसा आहे का, आणि मधले पाच दिवस पूर्ण मिळतात का.